आजोबांचे डोके, नातवाचे धड : विनोदी फलकातील प्रमाणाचे गणित

मुंबई-आग्रा महामार्गावरील पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातील गाव द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा यांच्या उलाढालीसाठी राज्यभर ओळखले जाते. जिथे बाजारपेठ मोठी, तिथे शुभेच्छाफलकांची हौसही मोठी असते. वाढदिवस, निवृत्ती, एकसष्टी, अमृतमहोत्सव अशा प्रसंगी घरच्या मंडळींना नेहमीचा हार-तुऱ्यांचा फलक नको असतो. पाहुण्यांनी मंडपाच्या दारातच थबकावे आणि खळखळून हसावे, असे काहीतरी हवे असते. मग कल्पना निघते, की आजोबांचे डोके पहिलीतल्या नातवाच्या धडावर बसवावे, पाठीला दप्तर, गळ्यात पाण्याची बाटली, आणि खाली लिहावे, ‘शाळेत नाव घातले आहे!’

कल्पना सोपी आहे. तरीही असे अनेक फलक पाहून हसू येत नाही. कसलेसे अवघडलेपण मात्र वाटते. डोके नीट कापलेले असते, रंगही जुळलेले असतात, पण चित्र ‘बसत’ नाही. याचे कारण बहुतेक वेळा कात्रणकामात नसते, ते डोके आणि धड यांच्या प्रमाणात असते. हे प्रमाण डोळ्यांच्या अंदाजावर न सोडता साध्या गुणाकार-भागाकाराने ठरवता येते.

डोक्याच्या मापाने मोजलेली उंची

चित्रकार माणसाची उंची त्याच्याच डोक्याने मोजतात. हनुवटीच्या टोकापासून माथ्यापर्यंतची लांबी म्हणजे ‘एक डोके’. प्रौढ माणसाची उंची अशा साधारण साडेसात डोक्यांइतकी भरते. नवजात बालकाची उंची मात्र जेमतेम चार डोक्यांची असते. म्हणजे बाळाच्या लांबीचा एक चतुर्थांश भाग केवळ डोक्याने व्यापलेला असतो. पुढे हातपाय आणि धड झपाट्याने वाढतात, डोके सावकाश वाढते. सहा वर्षांच्या मुलात हे प्रमाण सुमारे सहा डोक्यांवर येते.

आपल्या शिल्पशास्त्राने हे पूर्वीच हेरले होते. तेथे मोजणी ‘ताला’त केली जाते. देवतांच्या मूर्तींना नवताल, कुमाराला षट्ताल आणि बालकाला पंचताल असे प्रमाण सांगितले आहे. ताल हे मुखाच्या लांबीचे माप असल्यामुळे चित्रकाराच्या ‘डोक्या’शी ते आकड्याने तंतोतंत जुळत नाही, पण तत्त्व एकच आहे. बालपण दाखवायचे तर नुसते उंचीने लहान करून भागत नाही, डोक्याच्या तुलनेत शरीर कमी करावे लागते. प्रौढाची मूर्ती सरसकट लहान केली, तर ती बालमूर्ती न होता प्रौढाची छोटी प्रतिमाच राहते.

चित्रपटातही हेच तत्त्व वापरले गेले आहे. 2009 साली आलेल्या ‘पा’ या चित्रपटात अमिताभ बच्चन यांना बारा वर्षांच्या मुलाच्या भूमिकेत उभे करायचे होते. त्यांची उंची कमी करणे शक्यच नव्हते. रंगभूषेने त्यांना मोठा टकलाचा माथा दिला गेला, आणि त्या मोठ्या डोक्याखालचे शरीर पाहणाऱ्याला लहान वाटू लागले.

खऱ्या मापाचे डोके का फसते?

आता आजोबांकडे वळू. सहा वर्षांचा नातू 115 सेंटिमीटर उंच आहे आणि त्याचे डोके 19 सेंटिमीटरचे आहे असे धरू. म्हणजे हनुवटीपासून पावलांपर्यंत त्याचे शरीर 96 सेंटिमीटर झाले. आजोबांचे डोके साधारण साडेबावीस सेंटिमीटरचे. ते खऱ्या मापाने नातवाच्या धडावर ठेवले, तर एकूण उंची साडेअठराशे मिलिमीटर नव्हे, केवळ 118.5 सेंटिमीटर होते. तिला 22.5 ने भागले, की उत्तर येते सुमारे सव्वापाच.

सव्वापाच डोक्यांची उंची ही चार-पाच वर्षांच्या मुलाची स्वाभाविक उंची असते. म्हणजे प्रौढाचे डोके खऱ्या मापाने बसवले, तरी प्रमाणाच्या दृष्टीने काहीच अतिशयोक्त घडत नाही. प्रौढाचे डोके मोठे असते, ते पोराच्या धडावर ठेवले की आपोआप विनोदी दिसेल, ही समजूत इथे उलटी पडते. मुलाचे डोके मुळातच त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असल्याने वाढीचा फरक फार थोडा, जेमतेम अठरा-एकोणीस टक्क्यांचा उरतो.

त्यातून एक गंभीर अडचण निर्माण होते. प्रमाण जवळपास खरे असले, की पाहणाऱ्याला ते चित्र विनोद म्हणून वाचता येत नाही. त्याला वाटते, हा खरोखरीच ठेंगणा असलेला माणूस आहे, किंवा छपाईत काही चूक झाली आहे. मग हसू येते ते आजोबांच्या शाळेत जाण्याचे राहत नाही. एखाद्याच्या शारीरिक ठेवणीला हसल्यासारखे होते. घरच्या वडीलधाऱ्या माणसाच्या फलकावर हे कोणालाच नको असते. म्हणून अतिशयोक्ती करायची, तर ती पाहताक्षणी अतिशयोक्ती म्हणून कळेल इतकी ठळक करायला हवी.

किती मोठे करावे?

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. नातवाचे उभे छायाचित्र संगणकावर उघडले. माथ्यापासून पावलांपर्यंत ते 1800 पिक्सेल आहे आणि त्यातले डोके 300 पिक्सेलचे, म्हणजे बरोबर सहा डोकी. हनुवटीच्या खालचे शरीर 1500 पिक्सेल उरते. हा आकडा कायम राहतो. बदलते ते फक्त डोके. नवे डोके जितक्या पिक्सेलचे, तितके 1500 मध्ये मिळवायचे आणि बेरजेला नव्या डोक्याने भागायचे.

डोके 375 पिक्सेल ठेवले, तर बेरीज 1875 आणि प्रमाण पाच डोक्यांचे. हा तोच अवघड टापू, जिथे चित्र खरेही वाटत नाही आणि विनोदीही. डोके 500 पिक्सेल केले, तर बेरीज 2000 आणि प्रमाण चार डोक्यांचे. डोके 750 पिक्सेल केले, तर बेरीज 2250 आणि प्रमाण तीन डोक्यांचे.

बहुतेक घरगुती फलकांना चार डोक्यांचे प्रमाण शोभते. त्याचे कारण मघाच्याच मोजणीत आहे. चार डोकी हे नवजात बाळाचे प्रमाण. ते शाळकरी पोराच्या उभ्या देहाला दिले, की आजोबांच्या मिशांसकट त्या आकृतीत बाळाचा गोंडसपणा उतरतो. अतिशयोक्ती स्पष्ट असते, आणि दप्तर, गणवेश, बूट हेही वाचता येतात. तीन डोक्यांचे प्रमाण व्यंगचित्राच्या जवळ जाते. चेहरा दुरून ओळखू यावा अशा उंच फलकाला ते चालते. पण त्यात धड केवळ शोभेपुरते उरते, आणि ‘शाळेत नाव घातले’ ही गंमत जर गणवेशावर अवलंबून असेल, तर तीच हरवते.

हिशेब न करता पडताळा घ्यायचा असेल, तर खांद्यांकडे पाहावे. चार डोक्यांच्या आकृतीत आजोबांच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतची रुंदी नातवाच्या खांद्यांच्या रुंदीच्या जवळपास येते. डोके खांद्यांच्या बरेच आत राहत असेल, तर ते अजून लहान आहे. दोन्ही बाजूंनी खांद्यांबाहेर भरपूर डोकावत असेल, तर आकृती तीन डोक्यांकडे झुकली आहे.

टोपीखालचा माथा कसा मोजावा?

आजोबांच्या डोक्यावर टोपी किंवा फेटा असेल, तर माथा दिसतच नाही. टोपीच्या टोकापर्यंत मोजले, तर डोके खोटेच मोठे भरते आणि मग चेहरा प्रमाणाबाहेर लहान होतो. यावर सोपा उपाय आहे. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. हनुवटीपासून डोळ्यांच्या रेषेपर्यंत मोजावे आणि दुप्पट करावे.

आपल्या उदाहरणातील आजोबांच्या छायाचित्रात हे अंतर 340 पिक्सेल आहे. म्हणजे डोके 680 पिक्सेलचे. आपल्याला ते 500 चे हवे आहे. 500 ला 680 ने भागले, की 73.5 टक्के मिळतात. फोटोशॉपमध्ये डोक्याचा लेयर निवडून `Ctrl+T` दाबावे आणि वरच्या पट्टीतील `W` व `H` यांची साखळी जोडलेली ठेवून 73.5 हा आकडा भरावा. साखळी सुटलेली असेल, तर चेहरा आडवा किंवा उभा ताणला जातो, आणि तो दोष नातेवाइकांच्या नजरेतून कधीच सुटत नाही. टोपी मोजणीत नसली, तरी चित्रात ती पूर्ण मापाने राहते. म्हणून फलकावर वरच्या बाजूला तिच्यासाठी जागा आधीच ठेवावी.

ही दुपटीची युक्ती मुलाच्या डोक्याला लावू नये. मुलाचा कपाळाचा भाग मोठा आणि जबडा लहान असल्याने त्याचे डोळे मध्याच्या खाली असतात. याच कारणाने आजोबांचे डोळे नातवाच्या डोळ्यांवर ठेवून डोके बसवण्याची पद्धतही चुकीची ठरते. डोळे जुळवले, की आजोबांची लांब हनुवटी पोराच्या छातीवर उतरते.

हनुवटी हीच खुंटी

डोके बसवताना जुळवायची ती हनुवटी. आजोबांची हनुवटी नातवाच्या हनुवटीच्या पातळीवर, फार तर किंचित खाली यावी, आणि वाढलेले सारे डोके तिथून वरच्या दिशेने जावे. संगणकावर आकार बदलताना तो मध्यबिंदूभोवती बदलला जात असेल, तर प्रत्येक बदलात हनुवटी हलते. म्हणून संदर्भबिंदू तळाच्या मध्यावर ठेवणे, किंवा आकार पक्का झाल्यावर लेयर हलवून हनुवटी पुन्हा जागेवर आणणे आवश्यक असते.

खरी परीक्षा मानेची. प्रौढाची मान जाड, मुलाची बारीक आणि आखूड. आजोबांची मान ठेवली, तर ती पोराच्या कॉलरमध्ये मावत नाही. पोराची मान तशीच उघडी ठेवली, तर तिच्या नितळ त्वचेवर सुरकुतलेला चेहरा फुग्यासारखा तरंगतो. त्यामुळे नातवाचे छायाचित्र निवडतानाच कॉलर, टाय किंवा मफलर असलेले निवडावे. आजोबांचे डोके `Pen Tool` ने जबड्याच्या रेषेवरून कापावे, हनुवटीखाली मानेचा थोडासाच भाग ठेवावा आणि तो कॉलरच्या आत सरकवून `Layer Mask` ने झाकावा. मास्कमध्ये काहीही पुसले जात नसल्याने चूक झाली, तर भाग परत आणता येतो.

मग उरते ती सावली. हनुवटीची सावली कॉलरवर पडली नाही, तर डोके कागदावर चिकटवलेले दिसते. डोक्याच्या लेयरखाली एक नवा लेयर घ्यावा, त्याची पद्धत `Multiply` ठेवावी, आणि मऊ कडांच्या ब्रशने शर्टाच्या रंगाच्याच गडद छटेत हलकी सावली द्यावी. काळाकुट्ट रंग वापरला, तर कॉलर मळल्यासारखी दिसते. मोठ्या डोक्याची सावलीही मोठी असते, हे ध्यानात ठेवून ती खांद्यांवर थोडी पसरू द्यावी.

ठळक मोठ्या डोक्याचा इथे एक अनपेक्षित फायदा होतो. नातवाचे मूळ डोके, केस आणि कान त्याच्या मागे पूर्ण झाकले जातात. डोके खऱ्या मापाचे ठेवले, तर मात्र पोराचे कान बाजूने डोकावतात आणि ते `Clone Stamp` ने एकेक करून पुसत बसावे लागते.

छायाचित्रे घेतानाच जपायच्या गोष्टी

गणित बरोबर असूनही आकृती विचित्र दिसत असेल, तर दोष सहसा छायाचित्रांत असतो. मोठा माणूस उभ्याने मुलाचे छायाचित्र काढतो, तेव्हा कॅमेरा मुलाच्या डोक्याच्या वर असतो. परिणामी डोके मोठे आणि पाय आखूड येतात. अशा धडावर समोरून काढलेला चेहरा बसवला, की दोन दिशांनी पाहिल्यासारखे वाटते. नातवाचे छायाचित्र घेताना गुडघ्यावर बसून कॅमेरा त्याच्या छातीच्या उंचीवर धरावा. आजोबांचे घेताना तो त्यांच्या चेहऱ्याच्या पातळीवर धरावा आणि सहा-सात फूट दूर उभे राहावे. हातभर अंतरावरून मोबाइलवर घेतलेल्या छायाचित्रात नाक फुगते आणि कान मागे जातात. डोके मोठे केल्यावर हा दोष अधिकच उठून दिसतो.

उजेडाची दिशा नाकाच्या सावलीवरून आणि शर्टाच्या चुण्यांवरून ओळखता येते. दोन्ही छायाचित्रांत ती विरुद्ध असेल, तर चेहरा उलटा करण्याचा मोह होतो. तसे केले, की भांग, तीळ आणि टोपीचा कल उलट्या बाजूला जातात आणि घरच्यांना चेहरा ‘आपला’ वाटत नाही. त्यापेक्षा धड उलटे करावे. शर्टाचा खिसा उजवीकडे गेलेला फारसे कोणी पाहत नाही. मात्र खिशावर शाळेचे नाव असेल, तर ते उलटे होईल, एवढे तपासून घ्यावे. रंग जुळवताना चेहऱ्याची तुलना पोराच्या हातांशी करावी, कारण चित्रात त्वचा दिसते ती त्या दोनच ठिकाणी. `Curves` ने चेहऱ्याचा उजळपणा हातांच्या जवळ आणला, तरी सुरकुत्या मात्र तशाच राहू द्याव्यात. गंमत त्यांच्यातच आहे.

छपाईचाही विचार करावा. आपली 2000 पिक्सेलची आकृती फलकावर चार फूट उंच छापली, तर डोके एक फुटाचे होते आणि दर इंचाला सुमारे 42 पिक्सेल पडतात. आठ-दहा फुटांवरून पाहिल्या जाणाऱ्या फ्लेक्सला तेवढे चालते. हातात धरायच्या निमंत्रणपत्रिकेला इंचाला 300 लागतात. तिथे हेच डोके सुमारे 1.67 इंचांपेक्षा मोठे छापू नये. समूहछायाचित्रातून कापलेले आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले डोके अनेकदा शे-सव्वाशे पिक्सेलचेच असते. ते ताणून 500 चे केले, तर चौकटी-चौकटी दिसू लागतात, आणि कोणत्याही युक्तीने तो तपशील परत येत नाही.

शेजारी टोमॅटोचे क्रेट

प्रमाण ठरले, तरी पाहणाऱ्याला खालचे शरीर पोराचे आहे हे कळायला हवे. कोऱ्या पार्श्वभूमीवर उभी आकृती किती उंच आहे, हे डोळ्यांना ठरवता येत नाही. म्हणून ज्याचे माप सर्वांना ठाऊक आहे, अशी एखादी वस्तू शेजारी ठेवावी. पिंपळगावात यासाठी टोमॅटोच्या प्लास्टिक क्रेटइतकी योग्य वस्तू दुसरी नाही. बाजारात वावरणाऱ्या प्रत्येकाच्या हाताला त्याची उंची माहीत असते. एकावर एक ठेवलेले तीन क्रेट आजोबांच्या छातीपर्यंत येतात, हे दिसले की देहाची उंची एका क्षणात उमगते. क्रेट त्याच छायाचित्रात नातवाशेजारी ठेवूनच टिपावेत; नंतर वेगळे जोडले, तर त्यांचे माप पुन्हा अंदाजाने ठरवावे लागते आणि सारे गणित त्यांच्यापाशी ढासळते.

काम झाल्यावर दोन पडताळे घ्यावेत. पहिला, आकृती पूर्ण काळ्या रंगाने भरून नुसती बाह्यरेषा पाहावी. त्या रेषेत मोठे डोके आणि पोराचा देह दिसला, तर प्रमाण जमले. बुटका प्रौढ दिसला, तर डोके अजून वाढवायला हवे. दुसरा, चित्र टपाल तिकिटाएवढे लहान करून मोबाइलवर पाहावे. एवढ्या लहान आकारातही आजोबा ओळखू आले आणि दप्तर दिसले, तर मंडपाच्या दारातूनही ते दिसेल.

छापण्यापूर्वी तिसरा पडताळा माणसांचा. धड घरच्याच मुलाचे असावे, आणि त्याच्या आई-वडिलांची संमती असावी. इंटरनेटवरून उचललेल्या कोणाच्याही लेकराचे नको. आणि ज्यांचे डोके बसवले, त्यांना ते आधी दाखवावे. अमृतमहोत्सवी माणसाला आपल्या मिशा पोराच्या गणवेशावर पाहून हसू आले, तर मंडपातले सारे त्यांच्यासोबत हसतील. त्यांच्या कपाळावर आठी पडली, तर ते चित्र घरातच राहू द्यावे. हारतुऱ्यांचा नेहमीचा फलक तासाभरात तयार होतो.